पगाराच्या बोलण्याची वेळ: कशी सुचवावी, कशी मागावी (अनुभव धागा)

रानवारा

काल भाचीने फोनवर आलेला एक मेसेज दाखवला. "ऑफर डिस्कस करायची आहे. ६ ला कॉल घेऊ, आजच क्लोज करू." मेसेज आला ५:२० ला, आणि ती तेव्हा कामावर. तो वाचून जुने दिवस आठवले. मुलाखत झाली की केबिनबाहेरच्या बाकावर बसवायचे आणि तासाभराने दार उघडून म्हणायचे, "या आत, पगाराचंही उरकून टाकू."

म्हणून हा धागा. ऑफर आणि पगार यावर बोलायची वेळ समोरच्याला दडपण न येता कशी सुचवायची, किंवा आपण कशी मागायची? एचआरवाले, नोकरी शोधणारे, कारखानदार, सगळ्यांनी लिहा. स्वतःची कहाणी नको, पुढच्याला वापरता येईल असं काहीतरी द्या.

सुरुवात मी करतो. त्या मेसेजमध्ये वाईट शब्द एकही नाही, तरी तो अंगावर येतो. चाळीस मिनिटं आधी कळवलंय, आकडे पाठवलेले नाहीत, फोनवर कोण कोण असेल ते सांगितलेलं नाही, आणि "आजच क्लोज" म्हणजे बोलणं आणि निर्णय एकाच दमात. माझ्या मते खरी गडबड या शेवटच्या गोष्टीत आहे. कागद कधी मिळणार, बोलायचं कधी आणि उत्तर कधी द्यायचं, या तीन वेगळ्या तारखा आहेत. त्या वेगळ्या लिहिल्या की वेळ विचारणं साधं होतं. तोच मेसेज मंगळवारी सकाळी असा जायला हवा होता:

"नमस्कार. क्वालिटी इंजिनिअर पदाची ऑफर आणि पगाराची रचना यावर अर्धा तास बोलायचं आहे. पगाराचं पूर्ण विवरण उद्या दुपारपर्यंत तुमच्या स्वतःच्या मेलवर येईल. फोनवर मी एकटीच असेन. गुरुवार १८ ला संध्याकाळी ७:३०, शुक्रवार १९ ला सकाळी ८:३० किंवा शनिवार २० ला सकाळी ११, यातलं तुम्हाला काय सोयीचं? यातलं काहीच जमत नसेल तर तुमची वेळ सांगा. या फोनवर होकार किंवा नकार द्यायचा नाही. उत्तर मंगळवार २३ च्या संध्याकाळपर्यंत कळवलं तरी चालेल."

अनुजा ठाणे

वा, मस्त विषय. वाचतेय. लोकलमध्ये आहे, रात्री लिहिते.

चाकणची एचआर

मेसेज चांगला आहे, दोन गोष्टी जोडते.

तीन वेळा द्या हे बरोबर, पण त्या तिन्ही वेगवेगळ्या प्रकारच्या हव्यात. आमच्याकडची नवी मुलं ११, ११:३० आणि १२ अशा तीन वेळा देतात. नोकरीवर असलेल्या माणसाला त्या तिन्ही सारख्याच अडचणीच्या. एक कामाच्या आधीची, एक कामानंतरची, एक सुट्टीच्या दिवशीची, असं दिलं तर निवड खरी होते. एकच वेळ दिली तर तो हुकूम वाटतो. सहा दिल्या तर समोरचा सहा वेळा कॅलेंडर बघतो, आणि आपल्याला फार गरज आहे की काय अशीही शंका त्याला येते.

दुसरं म्हणजे विषय लिहायलाच हवा. "थोडं बोलायचं होतं, कधी फ्री आहात?" एवढंच लिहिणारे खूप आहेत. त्यांना ते सौम्य वाटतं. उमेदवाराला मात्र वाटतं ऑफर रद्द झाली, किंवा कागदपत्रांत काही निघालं. मग तो अर्ध्या मिनिटात "आत्ता बोलू शकतो" म्हणतो आणि जिन्यात उभा राहून पगार ठरवतो. ती वेळ त्याने निवडली असं दिसतं, पण ती भीतीने निवडलेली असते.

काठावरचा

इतकं कशाला? सोपा नियम आहे. त्यांनी कुठलीही वेळ दिली तरी दोन दिवस पुढे ढकलायची. त्यांना वाट बघायला लावली की रक्कम वाढते. ज्याला घाई तो हरतो.

चाकणची एचआर

@काठावरचा, अर्धं खरं आहे. विवरण वाचायला एक-दोन दिवस मागितले तर कोणीही समजूतदार माणूस देतो, मागायलाच हवेत. पण कारण न देता नुसतं ढकललं तर रक्कम वाढत नाही, कारण रक्कम रिक्रूटरच्या हातात नसतेच. त्या पदासाठी मंजूर झालेली एक मर्यादा असते. तिच्यावर जायचं तर विभागप्रमुख आणि फायनान्स दोघांची मंजुरी लागते, आणि ती मिळायला कारण लागतं: दुसरी लेखी ऑफर, बुडणारा बोनस, नोटीस पिरियडची भरपाई. दोन दिवस गप्प राहिलात तर रिक्रूटरच्या हातात मंजुरी मागायला काहीच नसतं. उलट यादीतल्या दुसऱ्याला फोन जातो.

"विवरण वाचून प्रश्न काढतो, गुरुवारी बोलू" एवढं म्हटलं की तेच दोन दिवस मिळतात आणि कोणी बिचकत नाही.

काठावरचा

हं. मर्यादेचं माहीत नव्हतं. पण लगेच हो म्हणू नये यावर मी ठाम आहे.

सईची आई

मला हाच प्रश्न आहे!! साहेबांकडे पगारवाढ मागायला सकाळी जावं की जेवणानंतर? आमचे साहेब सकाळी फार चिडलेले असतात.

रानवारा

@सईची आई, तो थोडा वेगळा विषय झाला, इथे नव्या नोकरीच्या ऑफरबद्दल चाललंय. पण निम्मं तिथेही लागू होतं. केबिनमध्ये थेट जाऊ नका. आदल्या दिवशी "माझ्या पगाराबद्दल वीस मिनिटं बोलायचं आहे, या आठवड्यात कधी सोयीचं?" असं लिहून विचारा. चिडलेला माणूससुद्धा स्वतः दिलेल्या वेळेला बऱ्यापैकी शांत असतो.

सईची आई

बरं, करून बघते. 🙏

आकडेमोड

कागद आधी का हवा, ते आकड्यांत सांगतो, म्हणजे नुसती सभ्यता म्हणून नाही हे कळेल.

समजा ऑफर १४ लाख सीटीसीची आहे. फोनवर "१४ लाख" ऐकलं की माणूस मनात बाराने भागतो आणि १,१६,००० च्या आसपास आकडा धरतो. आता विवरण बघा. त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे १,४०,०००, वर्षाअखेरीस आणि कामगिरीवर. बेसिक ७ लाख धरलं तर ग्रॅच्युइटीच्या नावाने ४.८१ टक्के, म्हणजे ३३,६७०. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला १,८०० या दराने वर्षाचे २१,६००. एवढं बाजूला काढलं की उरतात १२,०४,७३०, म्हणजे महिन्याला साधारण १,००,४००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला. हातात सुमारे ९८,४००, तेही आयकर धरायच्या आधी.

मनातला आकडा आणि हातातला आकडा यांत अठरा हजारांचा फरक. तो चालू फोनवर सापडत नाही. पत्रक समोर घेऊन, घरचा हप्ता आणि भाडं मांडून अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून विवरण मिळाल्यापासून बोलण्यापर्यंत मधे एक रात्र तरी हवी. कंपन्यांचाही यात फायदाच आहे. न बघता हो म्हणालेला माणूस पहिल्या पगाराच्या स्लिपनंतर पुन्हा बाजारात दिसतो.

मीठभाकर

@आकडेमोड, पीएफ सगळीकडे १,८०० नसतो हां. काही कंपन्या पूर्ण बेसिकच्या १२ टक्के धरतात. मग तुमच्या ७ लाखांवर कंपनीचा वाटा ८४,००० होतो आणि हातातला पगार आणखी खाली येतो.

आकडेमोड

बरोबर. १,८०० हा १५,००० च्या मर्यादेवरचा १२ टक्के. पूर्ण बेसिकवर धरलं तर महिन्याला हातात कमी येतं, पण ते पैसे तुमच्याच खात्यात साठतात. कोणती पद्धत आहे ते विवरणातल्या पीएफच्या ओळीवरून कळतं, आणि ही ओळ बघायलाच तर आधी कागद हवा.

तात्या सांगली

व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात. वर्षाचे २,५०० होतात.

रानवारा

तात्या 👍

पडद्यामागे

वेळ ठरली, आता कॅलेंडरचं आमंत्रण. इथे बऱ्याच जणांची पंचाईत होते. आमंत्रण उमेदवाराच्या कंपनीच्या मेलवर कधीच पाठवू नये. ते मेल त्या कंपनीच्या मालकीचे असतात, आणि कॅलेंडर बरेचदा अख्ख्या टीमला दिसतं.

स्वतःच्या मेलवर पाठवलं तरी शीर्षक जपून द्या. "सॅलरी निगोशिएशन" असं शीर्षक दिलं आणि त्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं कॅलेंडर उघडलेलं असलं, तर दहा मिनिटं आधीची आठवण नेमकी स्क्रीन शेअर चालू असताना उगवते. "फोन, ७:३०" एवढं पुरतं. तपशील मेलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच. लॉक स्क्रीनवर पहिली ओळ दिसते, म्हणून पहिल्या ओळीत फक्त नमस्कार आणि नाव घाला, पगार हा शब्द खाली येऊ द्या.

आणि "निगोशिएशन" हा शब्दच गाळा. तो वाचून समोरचा भांडणाच्या तयारीने येतो. "ऑफरवर बोलणं" म्हटलं की पुरे.

अनुजा ठाणे

ट्रूकॉलर राहिला! रिक्रूटरच्या नंबरावर कंपनीचं नाव झळकतं आणि शेजारच्या खुर्चीवरून दिसतं. ठरलेल्या वेळेच्या बाहेर फोन करूच नये हे खरं उत्तर.

मीठभाकर

हिंजवडीत तर फोन लागतच नाही, झळकणार कुठून 😄 आमच्या इमारतीत लिफ्टजवळ फक्त रेंज येते.

अनुजा ठाणे

अगं तू कुठल्या फेजला? आमची ताई फेज ३ ला आहे, तीही हेच म्हणते.

मीठभाकर

फेज २. पावसात तर विचारूच नको.

भोसरी लेथ

इथे सगळं ऑफिसवाल्यांचं चाललंय. वर्कशॉपमधलं वेगळं असतं, तेही लिहितो. लेथ आणि सीएनसी ऑपरेटर घेताना वेळ कशी ठरवतात ते.

पाळी चालू असताना पगाराचं काढू नये. मशीन बंद करून आलेला माणूस घड्याळाकडे बघत असतो आणि जे म्हणाल त्याला मान हलवतो. तिसरी पाळी संपवून आलेल्याशी तर अजिबात नाही, रात्रभर जागलेला असतो. आमच्या भागात गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे गुरुवारी सकाळी १० नंतरची वेळ बहुतेकांना चालते. दुसऱ्या कारखान्यात काम करणाऱ्याला त्याच्या गेटबाहेर भेटायला जाऊ नये. तिथला सुपरवायझर बघतो आणि त्याची चालू नोकरी अडचणीत येते.

आकडा कागदावर लिहून द्यावा: रोजचा दर किंवा महिन्याचा पगार, ओव्हरटाइम कसा, पीएफ आणि ईएसआय कापणार का, पाळीभत्ता आहे का. चार-पाच ओळी बास. आणि सांगावं, "घरी दाखव, शनिवारपर्यंत सांग." "घरी विचारून सांगतो" हे टाळणं नसतं. घरात कमावणारा तो एकटा असतो, दोन रात्री द्याव्यातच.

तात्या सांगली

यात एक भर घालतो. आमच्याकडे बरेच जण अमावास्येला किंवा पितृपक्षात होकार देत नाहीत, सही तर नाहीच. बाहेरून आलेला मॅनेजर समजतो की माणूस दुसरीकडे भाव बघतोय. तसं नसतं. उत्तराची तारीख देताना पंचांगाकडे एक नजर टाकावी, आणि सर्वपित्री अमावास्या मधे येत असेल तर सरळ घटस्थापनेनंतरची तारीख द्यावी. बोलणं आधी झालं तरी चालतं, बोलायला कोणाची ना नसते.

काठावरचा

तात्या, पितृपक्ष पंधरा दिवसांचा. आयटीत कोण थांबणार पंधरा दिवस?

तात्या सांगली

सगळ्यांनी थांबावं असं नाही म्हणत. तोंडी होकार आज आणि सही नंतर, असंही चालवून घेतात बरेच जण. विचारलं तर कळतं.

भोसरी लेथ

तात्यांशी सहमत. विचारायला पैसे पडत नाहीत.

वाट्टेल तेव्हा

एक उलटी बाजू. लातूर-नांदेडकडून एसटीने मुलाखतीला आलेल्याला "पगाराचं शनिवारी या, निवांत बोलू" म्हणणं हे निवांत नाही. त्याचा आणखी एक खाडा आणि येण्याजाण्याचं भाडं. मुलाखत आणि पगाराचं बोलणं वेगळं ठेवा, पण दुसरं बोलणं फोनवर ठेवा. किंवा त्यालाच विचारा, "आज विवरण देतो. जेवून या आणि दोनला बोलू, की घरी जाऊन फोनवर बोलू?" काहींना त्याच दिवशी हवं असतं आणि ते दडपणाखाली नसतात. फक्त उत्तर त्याच दिवशी मागू नका.

रानवारा

हे महत्त्वाचं आहे, माझ्या लक्षात नव्हतं आलं. दोन पर्याय दिले म्हणून वेळ सोयीची होत नाही, दोन्ही त्याला परवडणारे हवेत.

अनुजा ठाणे

आले. आता उमेदवाराच्या बाजूने लिहिते, कारण आधी न कळवता आलेला फोन हा खरा घोटाळा असतो. फोन वाजतो, पलीकडून "दोन मिनिटं आहेत का, तुमच्या ऑफरबद्दल..." आपण "हो" म्हणून मोकळे होतो, आणि दोन मिनिटांची पंचवीस होतात.

फोन उचला, पण वाक्य तयार ठेवा: "हो, मला बोलायचं आहे. आत्ता मी कामावर आहे, नीट बोलता येणार नाही. आज ७:३० नंतर किंवा उद्या ९ च्या आत चालेल का? त्याआधी पगाराचं विवरण मेलवर मिळालं तर मी वाचून बसेन."

क्रम बदलू नका. आधी रस दाखवायचा, मग अडचण, लगेच आपल्या दोन वेळा, शेवटी कागद. नुसतं "आत्ता नाही जमणार" म्हणून ठेवलं तर त्यांच्या नोंदीत "उत्सुक दिसत नाही" असं जातं. आणि वेळ आपण दिली नाही तर ते पुन्हा असाच कधीतरी फोन करतात.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "बरं, फक्त अपेक्षित आकडा सांगून ठेवा." इथेच लोक घसरतात. "विवरण बघितल्यावर सांगते, म्हणजे आकडा नीट सांगता येईल" आणि पुन्हा वेळ: "मग ७:३० चं पक्कं धरू?" एवढ्यावर थांबायचं.

चाकणची एचआर

अनुजा, छान लिहिलंस. आमच्या बाजूने एक सांगते. तो आकडा नेहमी डाव म्हणून विचारत नाहीत. कधीकधी मंजुरीच्या अर्जात तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा उमेदवाराने विचारावं, "हा आकडा अर्जासाठी हवा आहे का?" हो म्हणाले तर एक पट्टा द्या, आणि तो फिक्स्ड पगाराचा आहे की पूर्ण सीटीसीचा तेही सांगा.

काठावरचा

दिलेल्या तीन वेळांतली शेवटची घ्यावी का पहिली?

चाकणची एचआर

ज्या वेळेला तुम्ही दार लावून बसू शकता ती. आमच्याकडे कोणी मोजत नाही.

दुपारची शाळा

शुक्रवारी संध्याकाळी नको, असं मला ठामपणे वाटतं. शुक्रवारी ६ ला बोलणं आणि सोमवारी १० पर्यंत उत्तर, हे ऐकायला तीन दिवस वाटतात, पण त्यात विचारायची सोय कुठे आहे? शनिवार-रविवार एचआर फोन उचलत नाही, चालू ऑफिसमध्ये नोटीस पिरियडचं विचारावं तर तेही बंद. बुधवार किंवा गुरुवार बरा.

वाट्टेल तेव्हा

मला नेमकं उलटं वाटतं. शुक्रवारी बोलणं झालं तर दोन दिवस घरी सगळे असतात, निवांत चर्चा होते. आठवड्याच्या मधे बोललं तर रात्री ९ ला घरी पोचून कोणाशी बोलणार?

दुपारची शाळा

मग उत्तर सोमवार १० ऐवजी मंगळवार संध्याकाळ ठेवा. घरी चर्चा करून निघालेले प्रश्न सोमवारी विचारता तरी येतील.

वाट्टेल तेव्हा

हं, हे पटतंय. तरी शुक्रवार माझा.

राइनकाठी

जर्मनीहून लिहितेय. परदेशी टीमबरोबर वेळ ठरवताना घड्याळाचा घोळ हमखास होतो. भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही, यांचं हलतं. जर्मनीशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. शिवाय अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तिघांचा हिशोब निराळाच असतो. म्हणून वेळ "भारतीय वेळ संध्याकाळी ७" अशी लिहून मागायची. चुकून तास उशिरा जोडले गेलात तर माफी मागत सुरुवात होते, आणि माफी मागत पगार बोलणं अवघड जातं.

दुसरं, किती जण असणार ते विचारा. तिकडे एचआर, मॅनेजर आणि त्यांचे वरिष्ठ असे तिघं सहज येतात. त्यांच्या दृष्टीने तो मान असतो. इकडे एकटा माणूस तीन चौकोनांसमोर बसतो आणि गप्प होतो. "पगाराच्या भागासाठी फक्त एचआरशी बोलता येईल का?" असं विचारलेलं कोणी वावगं मानत नाही.

मीठभाकर

आणि व्हिडिओ नको, साधा फोन. एका खोलीत चौघं राहतात, त्यांनी कॅमेरा कुठे लावायचा? कंपनीने "फोन की व्हिडिओ, तुम्ही सांगा" असं लिहिलं तर अर्धं ओझं जातं.

ठाकूरवाडी

माझा फोन उद्या ५ ला ठरवलाय त्यांनी, मला न विचारता. ५ ला मी बसमध्ये असते. कन्सल्टन्सीच्या माणसाने सकाळपासून चारदा फोन केला, म्हणतो "मॅडम, उद्याच शेवटचा दिवस, ऑफर लॅप्स होईल". पगाराचं काही पाठवलेलं नाही. काय लिहू? घाबरायला होतंय.

चाकणची एचआर

@ठाकूरवाडी, आधी श्वास घ्या. कन्सल्टंटला मोबदला तुम्ही रुजू झाल्यावर मिळतो, त्यामुळे घाई त्याची असू शकते, कंपनीची असेलच असं नाही. कंपनीच्या एचआरचा मेल आयडी आहे का? थेट तिथे लिहा, कन्सल्टंटला प्रत ठेवा. त्याला फोनवर फक्त "मेल केलाय" एवढंच सांगा.

ठाकूरवाडी

हो आहे, मुलाखतीचा मेल त्यांच्याकडूनच आला होता.

अनुजा ठाणे

असं लिही:

"नमस्कार. या पदात मला रस आहे आणि ऑफरवर बोलायला आवडेल. उद्या ५ वाजता मी प्रवासात असते, आवाज नीट येणार नाही. उद्या संध्याकाळी ७:१५ किंवा परवा सकाळी ८:४५, यातलं आपल्याला काय चालेल? त्याआधी पगाराचं विवरण पाठवलंत तर मी वाचून तयार राहीन. ऑफरची मुदत उद्यापर्यंत आहे असं मला कळलं. ती तारीख कशामुळे आहे ते कळवाल का, म्हणजे मला नियोजन करता येईल."

चाकणची एचआर

शेवटचं वाक्य नक्की ठेवा. मुदत खरी असेल तर कारण एका ओळीत सांगता येतं: तिमाही संपतेय आणि जागेची मंजुरी तोवरच आहे, किंवा दुसरा उमेदवार थांबलाय. ३१ मार्चच्या आसपास तर हे खरंच असतं. कारण मिळालं की तुम्हीही त्यांना सांभाळून वेळ काढू शकता. "पॉलिसी आहे" एवढंच आलं, किंवा तारीख आपोआप दोन दिवस पुढे सरकली, तर समजायचं की ती मुदत जोर लावण्यापुरती होती.

काठावरचा

"आवाज नीट येणार नाही" कशाला? सरळ जमणार नाही म्हणा.

अनुजा ठाणे

कारण खरं आणि छोटं असलं की समोरचा वेळ बदलतो, वाद घालत नाही. लांबलचक कारण मात्र नको, ते विनवणीसारखं वाटतं.

ठाकूरवाडी

पाठवला. दोन्ही वेळा तुझ्याच ठेवल्या. आता किती वेळ वाट बघू?

दुपारची शाळा

कामाचा एक दिवस. मधे "मेल पाहिला का" वगैरे नको. उद्या दुपारपर्यंत काही आलं नाही तर एकच छोटा मेल: "७:१५ ची वेळ मी मोकळी ठेवली आहे, नाही जमलं तर परवाची ८:४५." कंपन्यांनाही हेच सांगणं आहे. दिवसात तीनदा आठवण केली की सभ्य मेसेजची सगळी सभ्यता वाया जाते. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे उत्तर मिळालं असं नसतं.

भोसरी लेथ

५ चा फोन आलाच तर बसमध्ये उचलायचा का तिने?

अनुजा ठाणे

उचलायचा, "मेलवर वेळ दिली आहे, ७:१५ ला नक्की बोलते" आणि ठेवायचा. दहा सेकंदांचं काम.

वाट्टेल तेव्हा

मी तर म्हणेन उचलूच नये. उचलला की बोलणं सुरू होतं.

चाकणची एचआर

याबाबत आमच्या ऑफिसातही एकमत नाही. मी अनुजाच्या बाजूने.

सईची आई

साहेबांना मेसेज टाकला वर लिहिल्याप्रमाणे. त्यांनी परवा ४ ची वेळ दिली! आता आकड्यांचं काय घेऊन जाऊ?

आकडेमोड

@सईची आई, गेल्या दोन वर्षांच्या पगारवाढीची पत्रं आणि या वर्षी नव्याने अंगावर घेतलेल्या कामांची यादी, एका पानावर. व्यनि करतो.

ठाकूरवाडी

विवरण आलं मेलवर! वेळेबद्दल अजून काही नाही. व्हेरिएबल १५ टक्के लिहिलंय आणि पीएफच्या ओळीत नुसतं "नियमानुसार". @आकडेमोड, हे कसं वाचायचं?

आकडेमोड

बेसिकचा आकडा आणि "नियमानुसार"च्या शेजारी काही रक्कम असेल तर ती सांगा. रक्कम लिहिलेली नसेल तर उद्याच्या बोलण्यातला पहिला प्रश्न तोच.